व्यायाम करताना छातीत जळजळ? आधी जेवणाचं घड्याळ तपासा

माझ्या दवाखान्यात आलेले ४३ वर्षांचे एक गृहस्थ. बँकेत नोकरी, पोट थोडं सुटलेलं, म्हणून सहा महिन्यांपूर्वी पहाटेची जिम सुरू केली. तक्रार अशी, की पाठीवर झोपून पोटाचे व्यायाम सुरू केले की छातीच्या मधोमध जळजळ होते आणि आंबट पाणी घशाशी येतं. "डॉक्टर, जिम लावल्यापासून अ‍ॅसिडिटी वाढली. बंद करू का?" असा त्यांचा प्रश्न होता. जळजळ झाली की दुकानातून आणलेली गोळी घ्यायची, असं चार महिने चाललं होतं.

त्यांना मी जेवणाबद्दल काहीही सांगण्याआधी ईसीजी काढायला लावला आणि नंतर स्ट्रेस टेस्टही करून घेतली. चाळिशी ओलांडलेली, वडिलांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला आणि त्रास श्रमाच्या वेळी होणारा. अशा वेळी "अ‍ॅसिडिटीच असेल" असं गृहीत धरणं धोक्याचं असतं. दोन्ही तपासण्या व्यवस्थित आल्या, तेव्हाच आम्ही जेवणाकडे वळलो.

व्यायामात आम्ल वर का येतं?

अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे स्नायूंचं एक कडं असतं. ते झडपेसारखं काम करतं. घास खाली जाताना उघडतं आणि नंतर मिटतं. जठर खूप भरून ताणलं गेलं, की ही झडप अधूनमधून, घास गिळलेला नसतानाही, सैल पडू लागते. त्याच वेळी पोटावर बाहेरून दाब आला, तर जठरातलं आम्ल अन्ननलिकेत ढकललं जातं. जठराच्या आतल्या अस्तराला आम्ल सोसतं, अन्ननलिकेच्या अस्तराला सोसत नाही, म्हणून जळजळ होते.

व्यायामात हा दाब तीन तऱ्हांनी वाढतो. खाली वाकल्यामुळे किंवा आडवं झाल्यामुळे, श्वास रोखून वजन उचलल्यामुळे आणि कमरेला घट्ट पट्टा बांधल्यामुळे. जोरात धावताना आणखी एक गोष्ट घडते. रक्तपुरवठा पायांच्या स्नायूंकडे वळतो आणि जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे एरवी निमूट पचणारं जेवण धावताना वर येऊ शकतं.

म्हणजे व्यायामाच्या वेळी जठरात किती माल आहे, यावर बरंच काही ठरतं. पाणी लवकर पुढे सरकतं. पोळी, भाजी, डाळ, भात असं पूर्ण जेवण पुढे सरकायला साधारण तीन ते चार तास लागतात आणि तळलेलं किंवा तुपकट असेल तर त्याहूनही जास्त. वाटीभर पोहे किंवा उपमा दोन तासांत बराचसा पुढे जातो. अर्धं केळं किंवा एखादा खाकरा यांना साधारण अर्धा ते एक तास पुरतो. प्रत्येकाच्या पोटाचा वेग थोडा वेगळा असतो, पण सुरुवात करायला एवढा अंदाज पुरेसा आहे.

पहाटेचा व्यायाम: दोष बहुधा रात्रीच्या ताटाचा

या गृहस्थांना मी एका दिवसाचं खाणं वेळेसकट लिहून आणायला सांगितलं. रात्री सव्वादहाला जेवण. चार पोळ्या, भाजी, वर वरण-भात. अकराला अंथरुणावर. सव्वापाचला उठून कपभर चहा आणि दोन बिस्किटं, वर तांब्याभर पाणी. पावणेसहाला जिम.

त्यांचा संशय बिस्किटांवर होता. मी विचारलं, "उठल्या उठल्या, चहाच्या आधी, तोंड आंबट असतं का?" ते म्हणाले, "रोजच." याचा अर्थ आम्ल रात्रीपासूनच वर येत होतं. भरल्या पोटी आडवं झालं, की आम्ल खाली ठेवायला गुरुत्वाकर्षणाची मदत मिळत नाही. झोपेत लाळ कमी सुटते आणि गिळणंही कमी होतं, त्यामुळे वर आलेलं आम्ल धुऊन जात नाही. रात्रभर चुरचुरलेल्या अन्ननलिकेवर पहाटेच्या व्यायामाने मीठच चोळलं जात होतं. त्यात रिकाम्या पोटी कडक चहा आणि तांब्याभर पाण्याने ताणलेलं जठर.

आम्ही हे बदल केले. घरी पोचायला त्यांना साडेनऊ होतात, म्हणून जेवण दोन भागांत वाटलं. संध्याकाळी साडेसात वाजता ऑफिसातच डब्यातल्या दोन पोळ्या आणि भाजी. घरी आल्यावर फक्त वाटीभर मऊ भात आणि वरण, तेही साडेनऊलाच. झोप साडेअकराला. हलक्या खाण्यानंतर दोन तास आणि पूर्ण जेवणानंतर तीन तास झोपायचं नाही, हा हिशेब ठेवला. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचांचे लाकडी ठोकळे ठेवले. नुसत्या जास्त उशा घेऊन भागत नाही. त्याने माणूस पोटात दुमडतो आणि दाब उलट वाढतो. झोपताना डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं, कारण त्या स्थितीत जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीवर राहतं.

सकाळी उठल्यावर चार-पाच घोट पाणी. भूक असेल तर अर्धं केळं, व्यायामाच्या अर्धा तास आधी. नसेल तर काहीच नाही. तासाभराच्या मध्यम व्यायामाला लागणारी शक्ती स्नायूंत आणि यकृतात साठवलेली असते, त्यामुळे निरोगी माणसाला पोट भरून जाण्याची गरज नसते. चहा व्यायामानंतर आणि आठ वाजता पोटभर नाश्ता. पहिले दोन आठवडे आडवं होऊन करायचे आणि डोकं खाली जाणारे व्यायाम बंद, त्याऐवजी चालणं आणि उभ्याने किंवा बसून करायचे व्यायाम. वजन उचलताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही.

आठवड्याभरात सकाळचं आंबट तोंड गेलं. तिसऱ्या आठवड्यात पोटाचे व्यायाम पुन्हा सुरू केले, ते सत्राच्या शेवटी. मधे एका लग्नात रात्री साडेदहाला भरपेट जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी जिममध्ये पुन्हा जळजळ झाली. त्या एका दिवसाने त्यांना माझ्या बोलण्यापेक्षा जास्त पटवून दिलं.

संध्याकाळचा व्यायाम: चार वाजताची भूक

संध्याकाळी जाणाऱ्यांची अडचण वेगळी असते. दुपारी एकला जेवण, पाचला कडकडून भूक, समोर वडापाव किंवा सामोसा आणि साडेसहाला जिम. तळलेलं तासा-दीड तासात जठरातून हलत नाही. म्हणून हे खाणं साडेचार ते पाचच्या दरम्यान आणि मोजकं ठेवा. एक केळं किंवा एक-दोन इडल्या चालतील. चटणी-सांबार तिखट असेल तर त्या दिवशी टाळा. मूठभर फुटाणेही चालतात, पण कुणाला त्याने पोट फुगत असेल तर नकोत.

खरा घोटाळा व्यायामानंतर होतो. आठला जिम संपते, भूक खवळलेली असते, नऊला भरपूर जेवण आणि साडेदहाला झोप. व्यायाम नीट होतो, पण रात्री दोनला घशात आंबट येऊन जाग येते. यावर उपाय म्हणजे दिवसातलं मोठं जेवण दुपारी घ्या आणि व्यायामानंतरचं जेवण नेहमीच्या दोन-तृतीयांश ठेवा. मोठा ग्लास दुधात प्रोटीन पावडर घालून पीत असाल, तर ते पाणी नव्हे, जेवणाचा भाग समजा आणि तेवढं ताटातून कमी करा. व्यायामाआधी घ्यायच्या पावडरींत बहुधा भरपूर कॅफीन असतं. जळजळ असेल तर दोन आठवडे ती बंद करून बघा.

दोष कुठल्या खाण्याचा, हे कसं ओळखाल?

दोन आठवडे तीन गोष्टी लिहा. काय आणि कधी खाल्लं, व्यायाम किती वाजता केला, जळजळ नेमकी कधी झाली. उठल्यावरच त्रास असेल, तर रात्रीचं जेवण बदला. उठताना ठीक वाटतं, पण वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर खाल्लेलं वर येतं, तर व्यायामाआधीचं खाणं कमी करा किंवा तासभर आधी घ्या. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल.

आणि जेवणाची वेळ कशीही असली, तरी चालण्याचा वेग वाढवला की छातीत दाब येतो आणि थांबलं की जातो, असं असेल तर हृदयाची तपासणी आधी. दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, घाम फुटणं, धाप लागणं ही लक्षणं असतील तर व्यायाम तिथेच थांबवून ताबडतोब रुग्णालय गाठा. अ‍ॅसिडिटीचं औषध घेऊन बरं वाटलं, म्हणजे हृदय ठीक आहे असं सिद्ध होत नाही.

औषधांबद्दल थोडं

पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारखी गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. जिमच्या दारात घेतलेली गोळी त्या वेळच्या जळजळीवर काम करत नाही. डॉक्टरांना न विचारता ती महिनोन्‌महिने चालू ठेवू नका. अंग दुखतं म्हणून वेदनाशामक गोळ्या वारंवार घेत असाल तर तेही सांगा, त्यांतल्या बऱ्याच गोळ्या जठराला इजा करतात. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खूप उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर रिकाम्या पोटी व्यायामाचा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नका.

जेवणाच्या वेळा पाळूनही चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर तपासणीला या. घास अडकणं, कारण नसताना वजन घटणं, सतत उलट्या, उलटीत रक्त, काळी डांबरासारखी शौच किंवा रक्त कमी होणं यांपैकी काहीही असेल, तर चार आठवडे थांबू नका. अशा वेळी दुर्बिणीची तपासणी लागू शकते.

त्या गृहस्थांची जिम चालू आहे. पलंगाखालचे ठोकळेही तसेच आहेत. गोळी मात्र आता खिशात नसते.