लॉगिन झाले, पण अंक उघडेना

सांगलीतले एक निवृत्त शिक्षक रोज सकाळी टॅबवर ई-पेपर वाचतात, असे समजू. वर्षाची वर्गणी ९९९ रुपये. १४ एप्रिल २०२५ च्या सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे मोबाइल नंबर टाकला, आलेला ओटीपी टाकला, आणि पडद्यावर त्यांच्याच नावाने ‘नमस्कार’ उमटला. मथळेही दिसले. पहिल्या मथळ्यावर बोट ठेवले, तर खाली फक्त एक ओळ: ‘हा मजकूर सदस्यांसाठी आहे.’

पुण्यातल्या मुलाला फोन गेला. मुलगा मीटिंगच्या गडबडीत. ‘‘बाबा, लॉगिनचा काहीतरी लोचा असेल. लॉगआउट करून परत या. नाहीच झालं तर ॲप काढून पुन्हा टाका.’’ बाबांनी दोन्ही करून पाहिले. ओटीपीवर ओटीपी आले, प्रत्येक वेळी नमस्कारही झाला, पण बातमी काही उघडली नाही.

उघडणार नव्हतीच, कारण लॉगिनमध्ये लोचा नव्हता. वर्गणी १२ तारखेला संपली होती.

पलीकडच्या सर्व्हरने त्या सकाळी दोन निराळ्या गोष्टी तपासल्या. पहिली, समोरचा माणूस कोण आहे. ओटीपी बरोबर आला म्हणजे तो नंबर या माणसाच्या हातात आहे, असे मानून सर्व्हरने त्यांचे खाते शोधले. खाते क्रमांक समजा 48213. याला ऑथेंटिकेशन म्हणतात, म्हणजे ओळख पटवणे. या टप्प्यावर पैशांचा संबंधच येत नाही. दुसरी तपासणी बातमी उघडताना होते, आणि दर बातमीला नव्याने होते: 48213 ला हा मजकूर वाचायचा हक्क आज आहे का? त्यासाठी सदस्यत्वाची वेगळी नोंद पाहिली जाते. तिथे लिहिलेले आहे: वार्षिक, मुदत १२ एप्रिलपर्यंत. हे ऑथोरायझेशन, म्हणजे हक्क तपासणे. गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल आपल्याला नावानिशी ओळखतो, चहाही विचारतो, पण वर्गणी थकली असेल तर पुस्तक देत नाही. तसेच हे.

बातमी मागितल्यावर सर्व्हरकडून आलेले उत्तर साधारण असे असते:

```
HTTP/1.1 403 Forbidden

{"user_id": 48213,
 "error": "subscription_expired",
 "valid_till": "2025-04-12"}
```

यातला `user_id` पाहा. सर्व्हरला बाबा पुरते ओळखू आले आहेत, तरीही तो नाही म्हणतो आहे. ओळखच पटली नसती, तर ठरल्या संकेताप्रमाणे 403 ऐवजी 401 आला असता आणि ॲपने पुन्हा लॉगिनचे पान दाखवले असते. वाचकाला हे आकडे सहसा दिसत नाहीत, आणि सगळ्या सेवा ते काटेकोरपणे पाळतात असेही नाही. पण आकड्याविना ओळखण्याची एक खूण आहे. आपले नाव, जुने बिल, जपून ठेवलेले लेख दिसत असतील तर पहिली तपासणी पार पडली आहे, आणि तिथे पुन्हा पुन्हा डोके आपटून उपयोग नाही.

मुदत संपली तर सरळ लॉगिनच का बंद करत नाहीत, असे कुणाला वाटेल. पण मग नूतनीकरणाचे पैसे भरायला माणूस आत येणार कसा? शिवाय लॉगिनच्या दारावर सर्व्हरला मुद्दाम मोघम बोलावे लागते. ‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ एवढेच तो सांगतो. यातले नेमके काय चुकले ते सांगितले तर चोराला अर्धी वाट मिळते. एकदा ओळख पटली की मात्र ‘तुमची मुदत १२ तारखेला संपली’ हे स्पष्ट सांगायला काहीच हरकत नसते. तरीही कित्येक ॲप इथेही मोघमच बोलतात, आणि बाबांसारख्यांची सकाळ खातात.

मुलाने संध्याकाळी ‘माझे खाते’ हे पान उघडायला लावले. खरे तर पहिला सल्ला हाच असायला हवा होता. तिथे ‘सदस्यत्व संपले’ असे लिहून खाली तारीख होती. ‘‘पण पैसे तर आपोआप कापले जातात ना रे?’’ बाबांचा प्रश्न रास्त होता. कार्डावरून आपोआप होणाऱ्या कपातीला रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. कपातीच्या निदान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते, आणि २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतची नेहमीची कपात दर वेळी ओटीपी न मागता होऊ शकते. म्हणजे ९९९ रुपयांना अडथळा नव्हता. पण खात्यात शिल्लक नसेल, कार्डाची मुदत संपली असेल किंवा मॅन्डेट रद्द झाला असेल, तर कपात फसते आणि वर्गणी गुपचूप संपते. बाबांचे कार्ड फेब्रुवारीत बदलले होते.

त्यांनी यूपीआयने पैसे भरले. बँकेचा मेसेज आला, पावती आली, आणि बातमी तरीही बंद! इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि दुसऱ्यांदा पैसे भरले जातात. लॉगिनच्या वेळी सर्व्हर ॲपला एक टोकन देतो, म्हणजे छोटा डिजिटल दाखला. प्रत्येक विनंतीला सदस्यत्वाची नोंद उघडायला नको म्हणून काही सेवा त्या दाखल्यातच सदस्यत्वाची स्थिती लिहून ठेवतात. बाबांच्या टॅबमधला दाखला पैसे भरण्यापूर्वीचा, त्यावर ‘मुदत संपली’ लिहिलेले. दाखल्याची स्वतःची मुदत, समजा तासाभराची, संपेपर्यंत ॲप तोच दाखवत राहणार. आता मात्र लॉगआउट करून परत येण्याने काम होते, कारण नवा दाखला मिळतो. सकाळी निरुपयोगी ठरलेला उपाय संध्याकाळी लागू पडला. याच कारणाने वर्गणी संपल्यानंतरही काही वेळ मजकूर उघडत राहतो, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

‘माझे खाते’मध्ये ‘सदस्यत्व संपले’ऐवजी ‘सदस्यत्व घेतलेले नाही’ असे दिसले, तर प्रकरण वेगळे. बहुधा आपण दुसऱ्याच खात्यात शिरलेलो असतो. गेल्या वर्षी पैसे मोबाइल नंबरच्या खात्यातून भरले, आणि आज घाईत गुगलच्या बटणाने आत आलो. सर्व्हरच्या लेखी हे दोन वेगळे वाचक असू शकतात. दोघांचीही ओळख खरी, पण हक्क एकाचाच. अशा वेळी नव्याने पैसे न भरता जुनी पावती शोधावी. ती कोणत्या नंबरवर किंवा ईमेलवर आली होती ते पाहावे आणि त्याच वाटेने लॉगिन करावे. तक्रार करायची वेळ आलीच, तर ‘लॉगिन होत नाही’ असे लिहू नये. मदत कक्ष पासवर्ड बदलायची लिंक पाठवून मोकळा होतो. ‘लॉगिन होते, नाव दिसते, पण सदस्यांचा मजकूर उघडत नाही’ असे लिहून खात्याचा नंबर आणि पावतीची तारीख द्यावी.

उलटेही घडते. सिम बदलले, जुना नंबर गेला, ओटीपी येईना. ओळख पटायचा मार्गच बंद. पण सदस्यत्वाच्या नोंदीत वर्गणी चालू असते आणि दर वर्षी पैसे कापले जातात. ॲप टॅबवरून काढून टाकल्याने ती कपात थांबत नाही. लॉगिन जमेपर्यंत वाट पाहण्याचीही गरज नाही: यूपीआय ऑटोपे असेल तर यूपीआय ॲपमधल्या मॅन्डेटच्या यादीत, आणि कार्ड असेल तर बँकेकडे जाऊन ती रद्द करता येते.