कार्डाच्या मागे कारण लिहा

दहावीला ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ हा धडा असतो. त्याच्या उजळणीसाठी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूची कार्डे पुरतात. पण ‘डावीकडून उजवीकडे अणुत्रिज्या घटते’ एवढेच लिहिले, तर दिशा पाठ होते आणि कारण राहून जाते.

म्हणून पुढे तुलना विचारा: ‘लिथियमचा अणू मोठा की फ्लोरीनचा?’ मागे लिहा: ‘लिथियमचा. कवचे दोघांनाही दोनच. पण लिथियमच्या केंद्रकात 3 प्रोटॉन, फ्लोरीनच्या 9. ओढ वाढते, अणू आकसतो.’ याच ओढीमुळे आयनीभवन ऊर्जा आणि विद्युतऋणता उजवीकडे साधारणपणे वाढतात. गणात खाली जाताना कवचे वाढतात, म्हणून कल उलटतो.

अपवादांना वेगळ्या रंगाचे कार्ड करा. नायट्रोजनची आयनीभवन ऊर्जा प्रतिमोल 1402 किलोज्यूल, तर पुढच्या ऑक्सिजनची 1314. ऑक्सिजनच्या एका 2p कक्षकात इलेक्ट्रॉनांची जोडी असते. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून त्यांतला एक काढणे सोपे जाते.

उत्तर बरोबर आले पण कारण सांगता आले नाही, तर ते कार्ड पुन्हा गठ्ठ्यात टाका.