बोनसचा ठराव नीट वाचताना

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि सहकारी संस्थेने ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते. म्हणून गावोगावच्या दूध संस्थांमध्ये पावसाळा सरता सरता सभांची धांदल उडते. उत्पादकाचे लक्ष एकाच विषयाकडे असते, तो म्हणजे यंदाचा दिवाळी बोनस. सभेत आकडा जाहीर होतो, टाळ्या पडतात. पण पैसे वाटले जातात ते इतिवृत्तात लिहिलेल्या ठरावाप्रमाणे.

‘सभासदांना ३ टक्के बोनस देण्याचे सर्वानुमते ठरले’ असे वाक्य अनेक नोंदवह्यांत सापडेल. ते अपुरे आहे. ३ टक्के कशावर?

समजा, एका सभासदाने वर्षभरात गाईचे ३,००० लिटर दूध घातले आणि त्याला सरासरी ३४ रुपये दर मिळाला. बिल झाले १,०२,००० रुपयांचे, म्हणजे बोनस ३,०६० रुपये. पण त्याने संस्थेतून २०,००० रुपयांचे पशुखाद्य उधारीवर उचलले असेल आणि सचिवाने कपातीनंतर हातात पडलेल्या रकमेवर हिशेब केला, तर तोच बोनस २,४६० रुपयांवर येतो. पशुखाद्याची उधारी वेगळी आणि दुधाची किंमत वेगळी; टक्का पूर्ण दूधबिलावरच धरायला हवा आणि ठरावात तसे स्पष्ट लिहायला हवे.

बोनस लिटरमागे द्यायचा की टक्क्याने, यानेही फरक पडतो. म्हशीचे १,५०० लिटर दूध ५० रुपये दराने घालणाऱ्याला ३ टक्क्यांनी २,२५० रुपये मिळतात, लिटरमागे एक रुपया ठरला तर १,५००. गायवाल्याला मात्र दोन्हीकडून जवळपास सारखेच पडतात. एकाच सभेत म्हैसवाले आणि गायवाले हमरीतुमरीवर येतात, त्यामागे बहुधा हा हिशेब असतो.

दराचा ठरावही असाच तपासावा. गाईच्या दुधाचा जाहीर दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला असतो. फॅट किंवा एसएनएफ घसरले की किती पैसे कापायचे, ते दरपत्रकात असते. ते दरपत्रक इतिवृत्ताला जोडलेले नसेल, तर नुसत्या दराच्या आकड्यावरून उत्पादकाला आपले बिल पडताळता येत नाही.

आणि सभासदांचे प्रश्न? ते बहुतेकदा शेवटी, ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात जातात. ‘संघाकडून दूध दरफरक किती आला आणि त्यातला वाटला किती?’ असे एखादा उभा राहून विचारतो. हा सभेतला सर्वांत मोलाचा प्रश्न, कारण बोनसची रक्कम संघाचा फरक आणि संस्थेची स्वतःची बचत अशा दोन्ही वाटांनी येऊ शकते. वहीत मात्र उरते ‘सविस्तर चर्चा झाली’. विचारणाऱ्याचे नाव नाही, अध्यक्षांनी सांगितलेला आकडा नाही.

हे टाळायचे तर प्रश्न सभेआधी लेखी देऊन पोच घ्यावी. पुढल्या सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम करण्याचा विषय येतो. तेव्हा ती पोच दाखवून सभासद दुरुस्ती मागू शकतो, मात्र वाचन संपून ‘मंजूर’ म्हणण्याआधी.