पोहण्याआधी उभं राहायला शिका

चाळिशी-पन्नाशीत पोहायला येणाऱ्या माणसाला नेमकी कशाची भीती वाटते, असं शांतपणे विचारलं तर उत्तर फार स्पष्ट येतं. तळावरचे पाय सुटले तर ते पुन्हा टेकवता येतील का? आणि हव्या त्या क्षणी हवा मिळेल का? भीती या दोन प्रश्नांची असते आणि ती अगदी योग्य आहे, कारण या दोन्हींची उत्तरं त्या माणसाला खरोखरच ठाऊक नसतात. तरीही आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी त्याच्या हातात फ्लोट देऊन 'पाय मारा' असं सांगितलं जातं. त्यामुळे प्रश्न तसेच राहतात आणि पाय थकतात.

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवायचे तेव्हा पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधायचे, कमरेला दोर असायचा. भोपळा तरंगवत ठेवायचा आणि दोर वर काढायचा, म्हणजे दोन्ही प्रश्नांची सोय झालेली असे. पण काही घरांत थोरला भाऊ किंवा काका पोराला नुसतं ढकलून द्यायचे. त्यातले कित्येक जण पोहायला शिकले, आणि ज्यांच्या मनात भीती कायमची बसली ते आता साठीत नातवंडांना सोडायला तलावावर येतात आणि काठावर बसून राहतात.

मी स्वतः पंचेचाळिशी ओलांडल्यावर शिकले. छातीभर पाण्यात उभं राहिलं की छाती आवळल्यासारखी वाटायची. तो भास नसतो. पाण्याचा दाब छातीवर आणि पोटावर येतो, पायांतलं काही रक्त छातीकडे सरकतं आणि प्रत्येक श्वासाला नेहमीपेक्षा जास्त कष्ट पडतात. हे कुणी सांगितलेलं नसलं तर माणूस त्याला घाबरणं समजतो आणि मग खरोखरच घाबरतो. काठाची दांडी धरून काही मिनिटं तसंच उभं राहून लांब उच्छ्वास सोडत राहिलं, की हा अनुभव ओळखीचा होतो.

त्यानंतर पहिला धडा हवा तो उठण्याचा. कमरेच्या थोडं वर पाणी असेल अशा जागी दांडी धरून, चेहरा पाण्यात घालून पालथं तरंगायचं. उठताना बहुतेक जण आधी डोकं वर करतात. त्याने कंबर आणि पाय मागच्या मागे खाली जातात, शरीर तिरकं होतं, पाऊल तळावर नीट पडत नाही आणि तोंडात पाणी जातं. क्रम उलटा हवा. चेहरा पाण्यातच ठेवून दोन्ही गुडघे छातीशी ओढायचे, त्याच वेळी पसरलेले हात खाली दाबायचे. शरीर आपोआप उभं होऊ लागतं. मग पाय खाली सोडायचे, तळवे टेकले याची खात्री करायची आणि सगळ्यात शेवटी डोकं वर घ्यायचं. उताणं असताना हनुवटी छातीला लावून गुडघे वर घ्यायचे आणि हातांनी पाणी मागून पुढे ओढायचं. दांडी धरून हे जमलं की एका हाताने, मग दांडी सोडून. आपण केव्हाही उभे राहू शकतो हे शरीराला पटलं की खांदे सैल पडतात, आणि ते काठावरच्या माणसालाही दिसतं.

आमच्या सकाळच्या बॅचमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांना हात मारता येत होते, पाय मारता येत होते, पण तलावाच्या अर्ध्या रुंदीत धाप लागायची. ते मान ताठ वर ठेवून पोहायचे. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते पाण्यात असताना त्याचा बहुतेक भार पाणी पेलतं, बाहेर काढलं की तो शरीरावर येतो. शिवाय फुप्फुसांतल्या हवेमुळे आपली छाती तरंगते आणि पाय मुळातच बुडू पाहतात. डोकं वर गेलं की पाय आणखी खाली. मग काका पाय जोरात मारायचे, त्याने दम जायचा, दम गेला की डोकं आणखी वर. आपल्याला पाणी झेपत नाही, हा त्यांचा समज रोज पक्का होत होता.

सरांनी त्यांना उथळ बाजूला, लहान मुलांच्या बॅचशेजारी, चेहरा बुडवून गुडघ्यांना मिठी मारून नुसतं तरंगायला सांगितलं, तेव्हा ते दोन आठवडे आलेच नाहीत. पुढे त्यांनीच सांगितलं, की सहा-सात वर्षांची मुलं बघत असताना तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचे, हे त्यांना बुडण्यापेक्षा अवघड वाटलं. मला त्यांचं म्हणणं पूर्ण कळलं. आयुष्यभर ज्याच्या सहीने कर्जं मंजूर झाली, त्याला तिथे सगळ्यात खालच्या इयत्तेत बसायचं होतं. बायकांना तर त्यात पोहण्याच्या कपड्यांत दिसण्याचा संकोचही असतो. हा अभिमान खोटा नाही. पण धडा उथळ पाण्यातच आहे, आणि अभिमान नेमका तिथून माणसाला खोल बाजूला ढकलतो. परतल्यावर काकांनी मिठी मारून तरंगून पाहिलं. भरून घेतलेल्या श्वासाने त्यांची पाठ आपोआप वर आली. श्वास भरलेला असताना बहुतेकांचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, हे त्या दिवशी त्यांच्या पाठीला कळलं.

दुसरा प्रश्न हवेचा. शिकणारा पाण्यात जाताना छाती भरून श्वास कोंडून धरतो. पण जीव घाबरा होतो तो बहुतांशी साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, प्राणवायू अजून पुरेसा असतानाही. शिवाय वर आल्यावर आधी जुनी हवा सोडायची आणि मग नवी घ्यायची, एवढा वेळ तिथे नसतो. म्हणून उच्छ्वास पाण्यातच, नाकाने, हळूहळू सोडायचा. बाहेर फक्त तोंडाने घ्यायचं काम उरतं. दांडी धरून ही लय न चुकता, न घाई करता चालू राहिली की हात शिकायला घ्यावेत. मात्र जास्त वेळ पाण्याखाली राहता यावं म्हणून आधी भराभर खोल श्वास घेऊ नयेत. त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वासाची हाक उशिरा येते आणि त्याआधीच शुद्ध हरपू शकते.

काका आता तलावाची लांबी पार करतात, मध्ये थांबून उताणे तरंगतात आणि पुढे जातात. खोल बाजूला ते गेले ते उताणं तरंगता आल्यावर आणि जीवरक्षक समोर असताना. पण तलावात आलेलं हे कसब धरणाच्या किंवा नदीच्या पाण्याला पुरत नाही. तिथे धरायला दांडी नसते, तळ दिसत नाही, ओढ असते. आणि खरं बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, कारण तोंड पाण्यावर येतं तेवढ्यात त्याला फक्त श्वास घेता येतो.

या उन्हाळ्यात तुम्ही नाव नोंदवणार असाल, तर पहिल्याच दिवशी सरांना सांगा की मला भीती वाटते, आणि फ्लोट हातात घेण्याआधी मला उभं राहायला शिकवा. जे सर यावर हसतील किंवा खोल पाण्यात ढकलतील, त्यांची बॅच सोडा आणि दुसरी शोधा.