आईच्या बोलण्यातून बायोडाटा

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या आईला वसतिगृहात स्वयंपाकाचं काम हवंय. बायोडाटासाठी विचारलं, तर म्हणते, "नुसता स्वयंपाक केला."

अशा वेळी आम्ही साल विचारत नाही. "काम धरलं तेव्हा धाकटी कितवीत होती?" असं विचारतो. "पहिलीत," म्हणाली, की धाकटीच्या शाळेच्या दाखल्यावरून 2014 निघतं. मग तांदूळ विचारायचा. ती म्हणते, रोज आठ किलो. पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम, म्हणजे 80 मुलं. आता लिहा: "शालेय पोषण आहार स्वयंपाकी, 2014 पासून. रोज 80 मुलांचं जेवण."

शेवटी तिला वाचून दाखवा. तिला स्वतःच्या शब्दांत सांगता येणार नाही ते खोडा, कारण मुलाखतीत तेच विचारतील.