‘अकोल्यात’ म्हणजे नेमके कुठे?

मराठीत विभक्तीचा प्रत्यय नामाला चिकटूनच येतो, आणि बहुधा तो चिकटण्याआधी नामाचे रूपही बदलते. ‘पुणे’ला ‘त’ लागण्याआधी ‘पुण्या’ हे सामान्यरूप तयार होते आणि मग ‘पुण्यात’ हा शब्द बनतो. ‘सातारा’चे ‘साताऱ्यात’ होते. ‘नागपूर’चे ‘नागपुरात’ होताना तर नावातला दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. वाचकाला यात काही अडत नाही. पण बातम्यांतून किंवा जुन्या अंकांतून माणसांची आणि गावांची नावे संगणकाच्या मदतीने वेचायची ठरली, की हेच बदल आडवे येतात.

संगणक अक्षरामागून अक्षर जुळवत जातो. ‘पुणे’ शोधले तर ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’, ‘पुण्याच्या’ यांपैकी काहीच हाती लागत नाही. फक्त ‘पुण’ एवढाच समान भाग शोधला, तर ‘पुणतांबा’ही यादीत येऊन बसतो. रोमन लिपीत विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे असते. देवनागरीत तशी खूण नसल्याने नाव कोणते आणि साधा शब्द कोणता हेही वरवर पाहून कळत नाही.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे शेवटचा प्रत्यय कापून टाकणे. पण कापल्यावर जे उरते ते सामान्यरूप, मूळ नाव नव्हे. ‘अकोल्यात’मधून ‘त’ काढला की ‘अकोल्या’ उरते. ‘या’ने संपणारे असे रूप ‘आ’ने संपणाऱ्या नावाचे असू शकते, तसेच ‘ए’ने संपणाऱ्या नावाचेही. इथे दोन्ही गावे खरोखर आहेत: विदर्भातले अकोला आणि अहिल्यानगर जिल्ह्यातले अकोले. ‘पुण्याचा’ हा शब्द पुणे शहराचा असेल किंवा पाप-पुण्यातल्या पुण्याचा. ‘ठाण्यात’ म्हणजे ठाणे शहरात, नाहीतर पोलीस ठाण्यात. नावापासून रूपाकडे नेणारा नियम ठरलेला आहे. रूपापासून नावाकडे परतताना मात्र अनेक नावे समोर उभी राहतात.

आंधळेपणाने प्रत्यय कापण्यात आणखी एक धोका आहे. काही नावांचा शेवटच प्रत्ययासारखा दिसतो. ‘रोहित’मधला ‘त’ कापला की ‘रोहि’ उरते, ‘शिमला’मधला ‘ला’ कापला की ‘शिम’. तयार सूचीत ‘रोहि’, ‘शिम’, ‘पुण्या’ अशा नोंदी दिसू लागल्या किंवा एकच शहर दोन नोंदींत विभागले गेले, तर चूक याच टप्प्यावर झाली आहे असे ओळखावे.

माणसांच्या नावांची रीत वेगळी आहे. ‘रमेश’, ‘सुनील’ ही नावे सहसा न बदलता प्रत्यय घेतात: ‘रमेशने’, ‘सुनीलला’. आडनावे मात्र आदरार्थी अनेकवचनात येतात आणि बदलतात. ‘पाटील’चे ‘पाटलांनी’ होते, तरी ‘पाटीलांनी’ असेही सर्रास लिहिले जाते. ‘गोखले’चे ‘गोखल्यांनी’ आणि ‘गोखलेंनी’ ही दोन्ही रूपे छापलेली आढळतात. औपचारिक लेखनात ‘गोखले यांनी’, ‘पुणे येथे’ अशी रचना असते. तिच्यात प्रत्ययाचा भार ‘यांनी’वर किंवा ‘येथे’वर पडतो आणि नाव अखंड राहते, म्हणून असा मजकूर सूचीसाठी सर्वांत सोपा.

बाकीच्या मजकुरासाठी उलट्या दिशेने काम करणे अधिक भरवशाचे ठरते. आधी ज्ञात नावांची यादी घ्यायची आणि प्रत्येक नावाची सामान्यरूपे नियमाने तयार करून ठेवायची. ‘नागपुरा’पुढे ‘नागपूर’ लिहायचे आणि ‘अकोल्या’पुढे ‘अकोला’ व ‘अकोले’ ही दोन्ही नावे. मजकुरातला शब्द यातल्या एखाद्या रूपाने सुरू होतो का, हे पाहायचे. होत असेल, तर उरलेला भाग ‘त’, ‘ला’, ‘हून’, ‘च्या’, ‘तील’, ‘पासून’ अशा ठरावीक शेपटांपैकी आहे का, हे तपासायचे. ‘पुण्यातल्यासुद्धा’सारख्या शब्दात अशी शेपटे एकापुढे एक लागतात, म्हणून तपासणी शब्द संपेपर्यंत चालवायची. पूर्ण शब्द जसाच्या तसा यादीत असेल, तर ते नावही विचारात घ्यायचे. त्यामुळे ‘रोहित’ आणि ‘शिमला’ तुटत नाहीत.

उरलेली निवड आजूबाजूचे शब्द करतात. ‘अकोल्यातील शेतकरी संगमनेरच्या बाजारात आले’ या वाक्यात शेजारच्या तालुक्याचे नाव अकोलेकडे बोट दाखवते. ‘अकोल्यात विदर्भातील कापूस उत्पादक जमले’ यात अकोलाच अभिप्रेत आहे. ‘ठाण्यात’च्या आधी ‘पोलीस’ असेल, तर ते शहर नाही. मात्र ‘तो काल अकोल्यात होता’ एवढेच वाक्य असेल, तर त्यातून निर्णय होत नाही. अशा ठिकाणी दोन्ही नावे नोंदवून मूळ शब्द जसाच्या तसा शेजारी ठेवावा. यादीत नसलेल्या छोट्या गावालाही हेच लागू होते: त्याच्या सामान्यरूपावरून शक्य ती सगळी मूळ रूपे मांडता येतात, पण त्यांतले खरे कोणते, हे त्या गावाचे नाव दुसरीकडे प्रत्ययाविना सापडल्यावरच ठरते.