दहा धडे, चौघी आणि एक चिठ्ठी

दहावीच्या राज्य मंडळाच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’ या पुस्तकात दहा धडे आहेत. समजा, चार मैत्रिणींनी मिळून त्यांची उजळणी करायची ठरवली. पहिला विचार सगळ्यांना सुचतो तोच : क्रमाने वाटून घेऊ, दोघींना तीन-तीन, दोघींना दोन-दोन. मग एकीच्या वाट्याला गुरुत्वाकर्षण, आवर्ती वर्गीकरण आणि रासायनिक अभिक्रिया येतात, तर शेवटचीला कार्बनी संयुगे आणि अवकाश मोहिमा. आठवड्याभरात कुरबुर सुरू होते. त्यात आळसाचा भाग असतोच, पण वाटणीचं मापही चुकलेलं असतं. धडे मोजले, काम मोजलंच नाही.

यावर त्यांच्यातली एक मैत्रीण ग्रुपला चिठ्ठी लिहिते. ती अशी असावी :

‘उद्या प्रत्येकीने कागदावर दहाही धड्यांपुढे आपल्याला किती तास लागतील ते लिहून आणा. एकमेकींना दाखवू नका. प्रत्येक धड्याचे चार आकडे येतील. त्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान सोडून मधल्या दोघांची सरासरी धरू.’

सगळ्या आकड्यांची सरासरी का नको? विद्युतधारेच्या धड्याला तिघींनी ५, ६, ६ तास लिहिले आणि चौथीने घाबरून (किंवा तो धडा तिला आधीच पाठ असून, तो घेतल्यावर बाकीचं ओझं हलकं राहावं म्हणून) १२ लिहिले, तर सरासरी सव्वासातच्या घरात जाते. टोकाचे आकडे काढले की ती सहावर येते. एकटीच्या आकड्याने सगळा हिशोब हलत नाही.

या पद्धतीने समजा असे तास आले : गुरुत्वाकर्षण ५, आवर्ती वर्गीकरण ४, रासायनिक अभिक्रिया ४, विद्युतधारा ६, उष्णता ३, अपवर्तन ४, भिंगे ५, धातुविज्ञान ५, कार्बनी संयुगे ६, अवकाश मोहिमा २. बेरीज ४४, म्हणजे प्रत्येकीला ११. क्रमाने वाटलं असतं तर पहिल्या दोघींना १३-१३ तास पडले असते, तिसरीला १० आणि चौथीला फक्त ८. आता गठ्ठे नव्याने बांधा : कार्बनी संयुगे व गुरुत्वाकर्षण; विद्युतधारा व धातुविज्ञान; अपवर्तन, भिंगे व अवकाश मोहिमा; आवर्ती वर्गीकरण, अभिक्रिया व उष्णता. चारही अकरा-अकरा तासांचे. अपवर्तन समजल्यावाचून भिंगं कळत नाहीत, म्हणून ते दोन धडे एकाच हाती ठेवलेले बरे. आकडे इतके चपखल नेहमी बसतात असं नाही. तासाभराचा फरक राहिला तर राहू द्यावा.

चिठ्ठीतलं पुढचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं : ‘गठ्ठे मी बांधते, म्हणून माझी निवड सर्वांत शेवटी. तुम्ही तिघी चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा.’ जिला उरलेला गठ्ठा घ्यायचा आहे ती एकही गठ्ठा मुद्दाम जड बांधणार नाही. निवडताना मात्र प्रत्येकीने सामाईक आकडे बाजूला ठेवून आपल्या स्वतःच्या कागदाकडे पाहावं. जिला कार्बनी संयुगे आणि गुरुत्वाकर्षण प्रत्येकी चार तासांत जमतात, तिला तोच गठ्ठा आठ तासांचा पडतो. ती तो आनंदाने उचलेल.

आता धोका. वाटणीत आपले धडे पक्के होतात, बाकीचे दुसरीच्या नोट्सवर विसंबतात आणि परीक्षेला चाळीस गुणांची प्रश्नपत्रिका प्रत्येकीला एकटीनेच सोडवायची असते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एलियट अरॉन्सन यांनी १९७१ मध्ये ऑस्टिनच्या शाळांत याच धर्तीची पद्धत आणली, ती ‘जिगसॉ’ म्हणून ओळखली जाते. तिच्यातही प्रत्येक मूल आपला तुकडा इतरांना शिकवतं आणि शेवटी परीक्षा मात्र सगळ्यांची सगळ्याच भागावर होते. म्हणून चिठ्ठीत वाटून घ्यायची ती फक्त तयारी : प्रत्येक धड्याची दोन पानं टिपणं आणि दहा प्रश्न. ते प्रश्न बाकीच्या तिघींनी पुस्तक मिटून सोडवायचे. जो अडला, त्याच्यासाठी मूळ धडा उघडायचा.

शिवाय प्रत्येक धड्याला एक तपासणारी हवी, कारण एकीची चूक चौघींच्या वहीत उतरते. भिंगाच्या सूत्रात हे हमखास होतं. 1/v − 1/u = 1/f याऐवजी आरशाचं अधिक चिन्हाचं सूत्र लिहिलं जातं. १० सेंमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगापासून वस्तू २० सेंमीवर ठेवली, तर u = −20 धरून प्रतिमा दुसऱ्या बाजूला २० सेंमीवर येते. चुकीच्या सूत्राने उत्तर पावणेसात सेंमीच्या आसपास निघतं. तपासणारीने नुसती टिपणं वाचली तर ही चूक निसटते. असं एक उदाहरण स्वतः सोडवून पुस्तकातल्या उत्तराशी ताडलं, तरच ती सापडते.

चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ अशी : ‘रविवारी संध्याकाळपर्यंत जिची टिपणं आली नाहीत, तिची वाट बघायची नाही. तो धडा त्या आठवड्यात प्रत्येकीने पुस्तकातूनच करायचा आणि उरलेले गठ्ठे पुन्हा मोजायचे.’